लगनावर शनी

माझ्या पत्रिकेत सातव्या घरात शनी आहे आणि त्याला लागून केतू. हे मला मुकुटबनला मावशीकडं आल्यावर कळलं. त्याआधी सांगलीकडच्या आमच्या गावात मला एवढंच ठाऊक होतं की मी पितृपक्षात पहाटेची जन्मले, आणि आजीनं त्यावरून नाक मुरडलं होतं.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. त्याच सुमारास मावशीचे गुडघे धरले. मावशीला मूलबाळ नाही. तिचे यजमान, म्हणजे काका, तरुणपणी आमच्याकडच्या साखर कारखान्यावर उसाच्या वजनकाट्यावर होते, तेव्हा त्यांचं लग्न जुळलं आणि मावशी इतक्या लांब वऱ्हाडात आली. आईनं मला तिच्या हाताखाली थोड्या दिवसांसाठी पाठवलं. गाडीत बसवताना ती म्हणाली होती, दिवाळीला ये. कुठल्या दिवाळीला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला इथं कुणी कधी टाकून बोललं नाही, हे आधी लिहिते. काकांनी मला शिलाई मशीन घेऊन दिली. तापानं फणफणले तेव्हा स्वतः मोटारसायकलवर बसवून वणीच्या दवाखान्यात नेलं. पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा मी ताटात फार थोडं घेतलं, तर त्यांनी स्वतःच्या हातानं अजून एक भाकर वाढली आणि म्हणाले, "खाय पोटभर. इथं कोणी मोजून नाही राह्यलं." असं वाढलेलं खाल्लं की मग माणसाला त्या घरावर रागावता येत नाही. मला तर भांडं वाजलं तरी धसका बसे, की आता काही चुकलं असणार.

काकांचं वावर कापसाचं आणि तुरीचं. पण गावात त्यांची ओळख पत्रिकेची. संध्याकाळी ओसरीवर कुणी ना कुणी बसलेलं असे. पैसे ते घेत नसत. त्यांची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती, गुरू आणि शनीच्या डबल गोचरावर, म्हणजे दोघांच्या सध्याच्या भ्रमणावर. लग्न असो, नोकरी असो, घर असो, लेकरू असो, ते आधी हेच पाहत. लग्नाला सातवं घर, लेकराला पाचवं, घरदाराला चौथं, नोकरीला दहावं. घर बदललं तरी रीत तीच.

त्यांचे डोळे अधू झाल्यावर पंचांगातले बारीक आकडे मी वाचून दाखवायचे, आणि जन्माची वेळ मोबाइलवर टाकून कुंडली काढून द्यायचे. कुंडली ते पाटीवर खडूनं मांडत. मग गोचरीच्या गुरूसाठी तुरीचा दाणा ठेवत, शनीसाठी सरकी.

"शनी नांगरते, गुरू पेरते," ते मला सांगत. "एकट्यानं पीक येत नाही. शनी एका राशीत अडीच वर्सं राह्यते, गुरू सालभर. दोघायची नजर एकाच घरावर पडन असा काळ थोडाच सापडते. तोच आपला हंगाम."

नजर मोजायची पद्धत त्यांनी मला बोटांवर शिकवली. ग्रह जिथं बसला ते घर एक धरायचं, तिथून पुढं मोजायचं. शनी स्वतःपासून तिसरं, सातवं आणि दहावं घर पाहतो. गुरू पाचवं, सातवं आणि नववं. बसलेलं घर तर दोघांच्याही ताब्यात असतंच. लग्नासाठी सातव्या घरावर किंवा सातव्याच्या मालकावर दोघांचाही हात पडला पाहिजे. लग्नरास किंवा तिचा मालक त्यात आला तर अजून चांगलं. एवढं पत्रिकेच्या लग्नापासून पाहायचं, आणि तेच चंद्रापासून पुन्हा पाहायचं. दोन्हीकडून जुळलं तर खरं. आणि हे सगळं जुळूनही दशा, म्हणजे माणसाला चालू असलेला ग्रहाचा काळ, तसा नसेल तर काही नाही. "दशा म्हंजे वावर," काका म्हणत. "वावरच पडीक असंल तर पाऊस कुठं पाडशीन?"

माझी पत्रिका त्यांनी इतक्यांदा मांडली होती की ती मला पाठ झाली होती. कन्या लग्न. लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, तिथून घरं मोजतात. कन्येपासून सातवी मीन, म्हणून सातव्याचा मालक, सप्तमेश, गुरू. जन्माचा गुरू धनूत, चंद्र मिथुनेत. मिथुनेपासूनही सातवी धनूच. सातव्यात जन्माचा शनी, म्हणून उशीर. शनी कुंभेत होता तोवर काका एकाही स्थळाला धड बोलले नाहीत. कुंभेतून तो मेष, सिंह आणि वृश्चिक पाहतो, माझ्या कामाचं एकही घर नाही. मी तिशीला टेकले होते. गावातल्या बाया मला ब्लाऊजचं माप देताना माझ्याकडेच अंदाज घेतल्यासारखं पाहत.

माझ्याबरोबर शिवायला एक मैत्रीण येई, बौद्ध घरातली. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी सवयीनं विचारलं, गुरू कुठं आहे तुझा? ती सुई दातात धरून हसली. म्हणाली, "आमच्यात गुरू-शनी नाही पाहत बाई. हॉल कधी रिकामा हाये ते पाहतात." मला तिचा हेवा वाटला, आणि तिच्यासाठी भीतीही वाटली. दोन्ही खरं.

मग शनी मीनेत आला. काकांनी सरकी सातव्या घरात सरकवली. मीनेतून शनी सातव्या नजरेनं कन्या पाहतो, म्हणजे माझं लग्न, आणि दहाव्या नजरेनं धनू, म्हणजे माझा सप्तमेश. त्यानंतर थोड्याच दिवसांत गुरू मिथुनेत आला, आणि मिथुनेतून सातवी धनूच. तुरीचा दाणा आणि सरकी, दोघांची बोटं एकाच घरावर. दशा बुधाची, बुध माझा लग्नेश. अंतर्दशा केतूची, आणि केतू सातव्यात. काका मावशीला म्हणाले की आता हिला ठेवून घ्यायचं म्हटलं तरी राहणार नाही. मावशीनं पदरानं डोळे पुसले. मला आनंद झाला होता की मावशीचं काय होणार याचा घोर लागला होता, ते मलाच सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर गुरू कर्केत गेला. थोड्याच दिवसांसाठी, कारण तिथून तो वक्री होऊन परत मिथुनेत यायचा होता. पण कर्क ही गुरूची उच्च रास, आणि कर्केपासून नववी मीन. म्हणजे शनी सातव्यात बसलेला आणि गुरूची नववी नजर त्याच सातव्यावर. काका म्हणाले, याच टप्प्यात बोलणी होतील.

आणि झाली. यवतमाळहून स्थळ आलं. मुलगा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. वडील नाहीत. आई आणि तो. फोनवर आम्ही आधी बोललो होतो. तो फार बोलणारा नव्हता, पण त्यानं मला विचारलं होतं की मशीन बरोबर आणशील का, कारण खोलीत खिडकीपाशी जागा आहे. इतकी वर्षं मला कुणी माझ्या वस्तूला जागा कुठं असं विचारलं नव्हतं. मी त्या खिडकीचा फार विचार केला.

तुळशीचं लग्न झाल्यावर ते सकाळच्या बसनं आले. पोहे झाले, चहा झाला. त्याच्या आईला माझ्या हातची शिलाई आवडली. तिनं स्वतःच्या बाहीची टीप उलटून माझ्या टिपेशी ताडून पाहिली. बोलणी पक्की होण्याच्या बेतात होती. मी आतल्या दारात उभी होते. काका इतके खूश होते की त्यांना राहवलं नाही.

"तुमी येनार हे मले ठाऊक होतं ताई," ते म्हणाले. "हिच्या लगनावर शनीची नजर आली, तवाच मी घरात सांगतलं."

इकडं बोलताना लग्नाला लगनच म्हणतात. पत्रिकेतल्या लग्नालाही काका लगनच म्हणत. मला दोन्ही अर्थ कळत होते, तिला एकच. त्या बाईच्या हातातला कप बशीवर टेकला.

"लगनावर शनी?" ती म्हणाली.

"हाव. अन् गुरूबी. दोघंबी पाह्यतात."

"गुरूचं राहू द्या. शनी काहून पाहून राह्यला?"

काकांना वाटलं, बाईला शिकायचं आहे. त्यांनी पाटी मागवली. मी ती नेऊन दिली. नेताना मुलाकडं पाहिलं, तो मोबाइलकडं पाहत होता. काकांनी नीट समजावलं, की ताई, लगन म्हंजे हे लगन नाही, मांडवातलं नाही. लगन म्हंजे उगवतीची रास. तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं की तो शनी सध्या बसला कुठं.

"सातव्या घरात."

"सातवं म्हंजे कोनाचं?"

"नवऱ्याचं घर," काका म्हणाले. ज्योतिषात ते असंच म्हणतात, यात काही चूक नव्हती.

बाई पाटीकडं वाकली. मग सरकीवर बोट ठेवून म्हणाली, "म्हंजे माह्या पोराच्या घरात."

काका हसले. त्यांना ती गंमत वाटली. ते सांगत राहिले की शनी बसल्याशिवाय लग्न होतच नाही, तोच तर गाठ पक्की करतो. जन्माचाही शनी तिथंच आहे, आता गोचरीचा फिरून त्याच जागी आला. मी दारातून मान हलवून त्यांना गप्प करायला पाहत होते. त्यांना दिसलं नसेल. जन्माचाही शनी तिथंच हे ऐकल्यावर बाईनं पदर सारखा केला आणि बसची वेळ विचारली.

चार दिवसांनी निरोप आला. पोराचा बाप असाच अचानक गेला, आता मी शनी घरात नाही घेत. काकांनी फोन करून पुन्हा समजावलं. मीही मुलाला फोन केला, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अशा कामासाठी. त्याला म्हटलं, तो शब्द वेगळा आहे, तुमच्या आईला दुसरा ऐकू आला. तो म्हणाला, "मले समजलं. पन आईच्या डोक्यात बसलं. मी काय करू?" मी म्हटलं, काही नाही. मग उगाच विचारलं, खिडकीपाशी काय ठेवलं? तो म्हणाला, कूलर.

काका त्या दिवसापासून दोन-चार दिवस जेवले नाहीत धड. मावशी मला म्हणाली, त्यांना काही बोलू नको, त्यांच्या जिवाला लागलंय. मी बोलणार नव्हतेच. उलट मीच त्यांना आग्रह करून वाढत होते.

मग गुरू वक्री होऊन मिथुनेत परतला. थंडीत मशीनवर पाय चालत असताना डोकं मोकळं असतं. एके दुपारी माझ्या मनात आलं, की शनी मीनेत यायच्या आधी माझ्या सातव्यावर दोघांची नजर कधीच नव्हती का? शनी कुंभेत होता तेव्हा नव्हती. त्याआधी तो मकरेत. मी बोटं धरली. मकर, कुंभ, मीन. तिसरी नजर, मीन. आणि गुरू? जुनं पंचांग कपाटावर होतं. शनी मकरेत असताना, शेवटाला, गुरू स्वतः मीनेत आला होता. स्वतःच्या राशीत, माझ्या सातव्यात, आणि शनी तिसऱ्या नजरेनं तिथंच पाहत होता. दशा तेव्हा शनीची, जो माझ्या सातव्यात. अंतर्दशा गुरूची, म्हणजे सप्तमेशाची. यापेक्षा चांगलं काकांनी ओसरीवर कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मी दोनदा मोजलं. मग मोबाइलवरही टाकून पाहिलं.

त्या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आधी एक गुडघा, मग दुसरा. मी तिला उचलून संडासात नेत होते, व्यायाम करून घेत होते. त्या साली माझ्यासाठी कुणी कुठं शब्द टाकला नाही. आईनं फोनवर एकदा विचारलं होतं. काकांनी तिला सांगितलं होतं की अजून योग नाही.

हे मी बरेच दिवस कुणाला बोलले नाही. मला वाटत होतं की मीच काहीतरी चुकीचं मोजलं असेल, आठवी शिकलेली मी. चूक असेल तर काकांनी ती दाखवावी अशी माझी फार इच्छा होती. शेवटी एका संध्याकाळी ओसरीवर कुणी नसताना मी पाटीवर कुंडली मांडून बसले. दाणा आणि सरकी मीच ठेवली. सरकी मकरेत, दाणा मीनेत.

"काका, ही वेळ बघा बरं. इथं लग्नाचा योग होतो का?"

त्यांनी चष्मा लावला. "होते ना. जबरा होते. दशा कोनती?"

"शनीत गुरू."

"मंग तर झालंच असन हिचं. पत्रिका कोनाची?"

मी पाटी त्यांच्याकडं सरकवली. लग्नाच्या घरात कन्येचा सहा आकडा होता, सातव्यात शनी आणि केतू, ते त्यांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला. आत मावशीच्या चालण्याचा आवाज येत होता. आता ती काठीशिवाय चालत होती.

"तवा तुह्या मावशीचा गुडघा..." ते म्हणाले.

मीच म्हटलं, हो, तेव्हा मावशीचं होतं. मीच पाटी पुसली. ते तसेच बसून राहिले तर मला सहन झालं नसतं. मी चहा टाकला, त्यात आलं घातलं, त्यांना आवडतं तसं.

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी पायाला भिंगरी लावली, हेही लिहिलं पाहिजे. उन्हात वणी, पांढरकवडा, घाटंजी फिरले. अधिक ज्येष्ठ आला म्हणून महिनाभर थांबावं लागलं. तेवढ्यात गुरू पुन्हा कर्केत आला, केतूची अंतर्दशा संपून शुक्राची लागली, आणि झरी जामणीकडचं एक स्थळ पुढं आलं. बिजवर. पिठाची गिरणी. पहिली बायको आजारानं गेलेली. तो ओसरीवर बसला आणि काका पाटी मागायच्या आत म्हणाला, "पत्रिका नका काढू मामाजी. पयलीच्या टायमाले छत्तीसातले बत्तीस गुन जुळले होते."

काकांनी पाटी मागितली नाही. शनीचं नावही काढलं नाही. गुरू पाहून राह्यला, एवढंच म्हणाले. मला त्यात हसू आलं नाही की रडू आलं नाही. मी त्या माणसाच्या अंगावरच्या पिठाकडं पाहत होते, कानामागं राहिलेलं. निज ज्येष्ठात लग्न झालं. आई आली होती, एसटीत तिचे पाय सुजले होते. ती काकांच्या पाया पडली. म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू. मीही पडले.

नवरा वाईट नाही. कमी बोलतो. गिरणी चालू असली की बोलायचं काही कारणही नसतं. मशीन मी आणली, ती गिरणीच्या मागच्या खोलीत आहे, कापडावर पीठ बसतं म्हणून रोज झाकावी लागते.

लग्नानंतर पहिल्यांदा मावशीकडं गेले, तर ओसरीवर एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आलेली. मुलगी पांघरूण घेतल्यासारखी ओढणी घेऊन कडेला बसली होती. काका माझीच कुंडली पाटीवर मांडून सांगत होते, नाव न घेता. गुरूचं हे असं असते, म्हणाले. पहिल्यांदा येते तवा बोलनी होते. वक्री होऊन मांगं जाते तवा मोडते. सरळ होऊन पुन्हा येते तवा लगन लागते. या पोरीचं पहिलं स्थळ वक्री गुरूनं मोडलं, आन् दुसरं गुरूनंच जुळवलं. डबल गोचर कधी खोटं बोलत नाही.

हे त्यांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. ते तसं मानू लागले होते. शास्त्रात तसं सांगतातही, बऱ्याच पत्रिकांत तसं घडलेलं मी पाहिलंय. माझ्याही पत्रिकेत घडलं, दिवस जुळवून पाहिले तर काही चुकत नाही. गुरू वक्री झाला, आणि त्यानंतरच निरोप आला. तरी गुरूनं यवतमाळच्या त्या बाईला काही सांगितलं नव्हतं. आणि मावशीच्या ऑपरेशनच्या साली, गुरू मीनेत सरळ चालत असताना, तो आमच्या ओसरीवरून रिकामाच गेला होता. ते वर्ष काकांच्या गोष्टीत नव्हतंच.

त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे पाहा, हिलेच इचारा. झालं ना बेटा बराबर टायमावर?"

"हो काका," मी म्हटलं. ते मी म्हणणारच होते.

पण ती मुलगी माझ्याकडं बघत होती. तिच्या हातावर जनावरांचं शेण होतं, नीट धुतलेलं नव्हतं. घाईघाईत काम टाकून आलेली दिसत होती. मी तिच्या आईला विचारलं, घरचं काम हीच करते का, कुणी आजारी आहे का? बाई म्हणाली, हो, सासरा जागेवरच पडून आहे, त्याचं सगळं हीच तर करते.

"गुरू-शनी टायमावर येतात बाई," मी तिला म्हटलं. "तेव्हा घरातलं कुणीतरी पोरीसाठी मोकळं पाहिजे."

काकांनी पाटीत डोकं घातलं. बाईनं एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांनाच विचारलं, "मंग त्याले उपाय काय, भाऊ?"